चार ट्रॅकांवर चाळीस वादक : साठच्या दशकातलं थरांचं ध्वनिमुद्रण, पायरीपायरीनं

11 फेब्रुवारी 1963 या एका दिवसात बीटल्सनी लंडनमधल्या ॲबी रोडवरच्या ईएमआय स्टुडिओत दहा गाणी ध्वनिमुद्रित केली. यंत्र दोन ट्रॅकचं होतं, म्हणजे फितीवर आवाजाच्या दोनच स्वतंत्र पट्ट्या होत्या. वाद्यं एकीकडे, आवाज दुसरीकडे, आणि चौघे जसे रंगमंचावर वाजवत तसेच वाजवत होते. त्याच इमारतीत 'अ डे इन द लाइफ' हे एकच गाणं 19 जानेवारी 1967 ला सुरू झालं आणि त्याचा शेवटचा पियानो 22 फेब्रुवारीला मुद्रित झाला. मधल्या काळात ट्रॅक दोनाचे चार झाले होते, फक्त चार. तरी त्या गाण्यात गिटार, पियानो, बास, ड्रम, दोन गायक आणि चाळीस वादकांचा ताफा चार वेळा, एवढं सगळं मावलं.

ते कसं मावलं, हे या लेखात त्या गाण्याच्या क्रमानंच पाहू. प्रत्येक टप्प्याला तोच प्रयोग घरच्या संगणकावर कसा करायचा तेही सांगतो. त्यासाठी 'ऑडॅसिटी'सारखा फुकट मिळणारा प्रोग्रॅम, एक माइक आणि हेडफोन पुरे. अट एकच : चार मोनो ट्रॅकांपेक्षा जास्त उघडायचे नाहीत. संगणक शंभर ट्रॅक देईल, पण मग या पद्धतीतलं काहीच हाताला लागणार नाही.

आधी एक अडचण : नवा आवाज उशिरा का पडतो

टेप यंत्रात फीत तीन हेडांवरून जाते. पहिलं हेड जुनं पुसतं, दुसरं नवं लिहितं आणि तिसरं लिहिलेलं वाचून ऐकवतं. आता समजा, पहिल्या ट्रॅकवर गिटार आहे आणि ती ऐकत तुम्हाला दुसऱ्या ट्रॅकवर गायचंय. गिटार तिसऱ्या हेडावरून ऐकू येते, पण तुमचा आवाज लिहिला जातो दुसऱ्या हेडावर. या दोन हेडांत दीड इंच अंतर धरलं आणि फीत सेकंदाला 15 इंच धावत असली, तर गाणं गिटारच्या मागे सेकंदाचा दहावा हिस्सा पडतं. मिनिटाला 120 ठोके असलेल्या गाण्यात हा एका ठोक्याचा पाचवा भाग झाला. कुणीही ऐकून सांगेल की गायक मागे रेंगाळतोय.

यावर तोडगा अमेरिकेत अँपेक्स कंपनीनं काढला. लिहिणारं हेडसुद्धा वाचू शकतं. तेव्हा ज्या ट्रॅकवर नवं लिहायचंय तेवढाच लिहायला लावायचा, आणि बाकीचे ट्रॅक त्याच हेडाच्या त्यांच्या-त्यांच्या भागातून वाचून हेडफोनवर द्यायचे. लिहिणं आणि ऐकणं एकाच जागी झालं की अंतर उरत नाही. गिटारवादक लेस पॉलला 1957 मध्ये मिळालेल्या आठ ट्रॅकच्या यंत्रात हीच सोय होती. तिचं नाव सेल-सिंक. बदल्यात एक गोष्ट सोसावी लागे. लिहिणाऱ्या हेडाची फट रुंद असल्यानं तिथून वाचलेला आवाज दबका, तीव्र स्वर हरवलेला येतो. ताल धरायला तो चालतो, पण पुढच्या फितीवर नक्कल करायला चालत नाही. हे लक्षात असू द्या, बाउन्सच्या वेळी, म्हणजे भरलेले ट्रॅक मिसळून एकात उतरवताना, ते उपयोगी पडेल.

घरी हेड नाहीत, पण उशीर आहेच. संगणकाला आवाज आत घ्यायला आणि बाहेर द्यायला वेळ लागतो. म्हणून सुरुवातीला एका ट्रॅकवर मेट्रोनोमचे ठोके घ्या, हेडफोनचा एक कान माइकला टेकवा आणि तेच ठोके दुसऱ्या ट्रॅकवर मुद्रित करा. दोन्ही लहरी मोठ्या करून शेजारी पाहा. दुसरा ठोका जितका मागे असेल तेवढे मिलिसेकंद Latency compensation या जागच्या आकड्यातून वजा करा आणि पुन्हा तपासा. हे न करता चढवलेला प्रत्येक थर तेवढाच मागे पडत जातो. तीन थरांनंतर सगळं गाणं चिखलात चालल्यासारखं वाटू लागतं आणि दोष उगाच वादकाला लागतो.

ट्रॅक वाटून घेणं

ईएमआयमधलं तेव्हाचं यंत्र म्हणजे स्टुडर जे-37. व्हॉल्व्हवर चालणारं, एक इंच रुंदीच्या फितीवर चार ट्रॅक लिहिणारं. 19 जानेवारीला गाण्याचा पाया घातला गेला तो असा : लेनन अकूस्टिक गिटारवर, मॅककार्टनी पियानोवर, हॅरिसनकडे माराकस, रिंगोकडे काँगा. ही वाद्यं एकदम वाजली. लेननचा आवाज भरपूर प्रतिध्वनी देऊन स्वतंत्र ट्रॅकवर घेतला. चौथा टेक, म्हणजे चौथ्यांदा केलेलं मुद्रण, पसंत पडला आणि त्याच्या मोकळ्या ट्रॅकांवर लेननचे आणखी आवाज चढवले गेले.

गाण्याच्या मधोमध 24 मात्राखंडांची मोकळी जागा सोडली होती. तिथे काय येणार ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मोजणी चुकू नये म्हणून त्यांचा सहायक मॅल इव्हान्स मोठ्यानं आकडे म्हणत होता, आणि जागा संपल्याची खूण म्हणून त्यानं गजराचं घड्याळ वाजवलं. तो गजर इतर वाद्यांबरोबरच फितीवर गेला, त्यामुळे पुढे वेगळा काढता येईना. योगायोग असा की त्या जागेनंतर येणारा मॅककार्टनीचा तुकडा झोपेतून उठण्यावरच होता. गजर शोभून दिसला आणि गाण्यात कायमचा राहिला. मोजणीचे आकडेसुद्धा ताफ्याच्या आवाजाखाली पुसट ऐकू येतात.

असं नशीब दर वेळी साथ देत नाही. म्हणून वाटणी करताना एकच प्रश्न विचारा : कोणत्या दोन गोष्टींमधलं प्रमाण मला पुढे बदलावंसं वाटणार नाही? त्याच एका ट्रॅकवर जाऊ शकतात. माराकस आणि काँगा खुशाल एकत्र घ्या. मुख्य आवाज आणि गिटार एकत्र घेतलीत तर आवाज वाढवताना गिटारही वाढेल.

तीन मिनिटांच्या साध्या गाण्यासाठी मी अशी वाटणी करीन. पहिल्या फेरीत ट्रॅक एकवर ड्रम, दोनवर गिटार, तीनवर पियानो आणि चारवर कच्चा आवाज, म्हणजे फक्त वादकांना गाण्यात आपण कुठे आहोत ते कळावं म्हणून गायलेला. पक्का आवाज आणि बास या फेरीत घ्यायचेच नाहीत. 1967 च्या सुमारास मॅककार्टनीही बास बरेचदा मागून, स्वतंत्र ट्रॅकवर वाजवत असे. कारण सरळ आहे. बास आणि मुख्य आवाज किती पुढे हवेत हे सगळं गाणं उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

कोणत्या ट्रॅकवर काय आहे ते कागदावर लिहून ठेवा. स्टुडिओत ही नोंद फितीच्या खोक्यावर असे.

बाउन्स : चार ट्रॅकांचा एक

चारही ट्रॅक भरले की पुढे जायला जागा हवी. ईएमआयमध्ये त्यासाठी दुसरं जे-37 जोडत. पहिल्या यंत्रावर चार ट्रॅक वाजवायचे, मिक्सिंग टेबलावर त्यांचं प्रमाण जुळवायचं आणि ते मिश्रण दुसऱ्या यंत्रावरच्या नव्या फितीच्या एक-दोन ट्रॅकांवर उतरवायचं. याला तिथे 'रिडक्शन' म्हणत. नव्या फितीवर दोन-तीन ट्रॅक मोकळे मिळतात आणि काम पुढे सरकतं. पहिलं यंत्र तिसऱ्या, म्हणजे नीट वाचणाऱ्या हेडावरून वाजत असल्यामुळे नक्कल स्वच्छ निघते. एकाच यंत्रावर तीन ट्रॅक चौथ्यात मिसळायचे तर वाचन लिहिणाऱ्या हेडावरूनच करावं लागतं, म्हणजे तो दबका आवाज कायमचा पदरी येतो. शिवाय लगतच्या ट्रॅकमध्ये मिसळलं की लिहिलेलं शेजारी झिरपतं, तिथून परत वाचलं जातं आणि शिट्टी वाजू लागते. ज्यांना दुसरं यंत्र परवडे ते या भानगडीत पडत नसत.

20 जानेवारीला या गाण्याची तीन रिडक्शन झाली. त्यांना पाच, सहा आणि सात असे टेकचे क्रमांक दिले गेले आणि सहावा निवडला गेला. एकाच मिश्रणाची तीन वेळा खटपट का? कारण ते हातानं करायचं काम होतं. फीत चालू असताना फेडर, म्हणजे प्रत्येक ट्रॅकचा जोर ठरवणाऱ्या सरकपट्ट्या, वर-खाली करायचे. कडव्यात पियानो थोडा आत, मोकळ्या जागेत गिटार बाहेर. एक हालचाल चुकली की पुन्हा पहिल्यापासून.

सहाव्या टेकवर मग बास, ड्रम आणि मॅककार्टनीचा आवाज चढला. 3 फेब्रुवारीला तिन्ही पुसून नव्यानं घेतले. ते स्वतंत्रपणे चढवलेले होते म्हणून पुसता आले. पियानो-माराकसचं प्रमाण मात्र 20 जानेवारीलाच गोठलं होतं. माझ्या मते या पद्धतीचं सगळं मर्म इथेच आहे. गाणं कसं ऐकू येणार याचा निम्मा निकाल शेवटच्या मिक्सिंगला नाही, बाउन्सच्या दिवशी लागतो, आणि तोही पुढे काय चढणार हे कानाला ऐकू येत नसताना.

घरी असं करा. कच्चा आवाज बंद ठेवा. उरलेल्या तीन ट्रॅकांचं प्रमाण जुळवा, ते निवडून Mix and Render to New Track वापरा, नवा ट्रॅक वेगळ्या फाइलमध्ये काढून घ्या आणि नव्या प्रोजेक्टमध्ये ट्रॅक एकवर ठेवा. जुना प्रोजेक्ट पुसू नका, पण उघडूही नका. आता दोनवर बास, तीनवर मुख्य आवाज आणि चारवर दुसरा आवाज. एवढ्यानं संपत नसेल तर दुसरा बाउन्स.

बाउन्सचं प्रमाण ठरवताना एक सवय लावून घ्या. आवाज हळू करून ऐका आणि वरून स्वतः मुख्य चाल गुणगुणा. मोकळं मिश्रण ऐकताना पियानो नेहमी हवा त्याहून मोठा ठेवला जातो, कारण ती जागा रिकामी वाटते. पुढे तिथे गायक येऊन बसतो आणि पियानो त्याच्याशी भांडू लागतो. ड्रमच्या बाबतीत उलटं घडतं. वरचे थर त्यांचे तीव्र स्वर झाकतात, म्हणून या टप्प्याला ते किंचित जास्त लखलखीत वाटले तरी तसेच राहू द्यावेत.

बिघडलंय हे कसं ओळखायचं

फितीची स्वतःची एक सरसर असते. चार ट्रॅक सारख्या पातळीवर मिसळले की त्या चौघांची सरसर मिळून एका ट्रॅकच्या सरसरीपेक्षा सुमारे 6 डेसिबलनं वाढते, आणि नवी फीत त्यात आपली भर घालते. गाणं वाजत असताना हे जाणवत नाही. ते उघडं पडतं सुरुवातीला, शेवटाला आणि मधल्या शांत जागी. म्हणून बाउन्स तपासायचा तो तिथेच. ज्या ट्रॅकवर त्या क्षणी काहीच वाजत नाही त्याचा फेडर पूर्ण खाली ठेवणं, हा सरसर कमी करायचा सर्वांत स्वस्त उपाय. दुसरा उपाय म्हणजे फितीवर मुळातच जोरात लिहायचं, म्हणजे सरसर तुलनेनं खाली राहते. फीत थोडा अतिरेक सहन करते आणि आवाजाचे कंगोरे गोल करते. संगणक हे सहन करत नाही. शून्य डेसिबलच्या वर गेलात की लहर कापली जाते, तेव्हा घरी उणे 6 च्या आसपास थांबा.

दुसरी खूण तीव्र स्वरांची. दर नकलेला ते थोडे झिजतात. झांज आणि 'स', 'श' ही अक्षरं ऐका. पहिल्या फेरीच्या मानानं ती बोथट वाटली तर एक बाउन्स जास्त झालाय. शेवटी ते स्वर वाढवून भरपाई करता येत नाही, कारण त्याबरोबर सरसरही वर येते. मुख्य आवाज शेवटच्या फेरीसाठी राखायचा तो याचसाठी. तो एकाही बाउन्समधून जात नाही.

तिसरा परिणाम तुम्ही कदाचित आधीच ऐकलेला असेल. त्या काळातली काही स्टिरिओ गाणी हेडफोनवर लावली की सगळी वाद्यं एका कानात आणि गायक दुसऱ्या कानात येतो. ड्रम, बास आणि गिटार एकदा एका ट्रॅकवर विरघळले की त्यांना डावी-उजवीकडे पांगवता येत नाही. तो सगळा गठ्ठा एकाच जागी ठेवावा लागतो. तेव्हा विलायतेत पॉप संगीताचा खरा ग्राहक मोनो तबकड्यांचाच होता, त्यामुळे याची फारशी फिकीर कुणी केली नाही.

जागा करण्यासाठी दर वेळी प्रमाण गोठवावंच लागे असं नाही. याचं एक उदाहरण मुंबईतलं आहे. जानेवारी 1968 मध्ये जॉर्ज हॅरिसननं ईएमआयच्याच घराण्यातल्या एचएमव्हीच्या मुंबईतल्या स्टुडिओत भारतीय वादकांकडून 'द इनर लाइट'चं वादन दोन ट्रॅकच्या यंत्रावर मुद्रित करून घेतलं. लंडनला परतल्यावर ते चार ट्रॅकच्या फितीवर उतरवलं आणि फेब्रुवारीत मोकळ्या ट्रॅकांवर गाणं चढवलं. मुंबईतल्या वादकांनी हे गाणं कुणाच्या तोंडून ऐकलंही नसेल तेव्हा ते वाजवून झालं होतं.

एकच वादन चारदा, आणि दुसरं यंत्र

आता त्या 24 मात्राखंडांच्या मोकळ्या जागेकडे येऊ. 10 फेब्रुवारीला तिथे चाळीस वादकांचा ताफा बसवला गेला. बीटल्सचा निर्माता जॉर्ज मार्टिन यानं दिलेली सूचना अशी होती की प्रत्येकानं आपल्या वाद्याच्या सर्वांत खालच्या स्वरापासून निघायचं आणि शेवटापर्यंत वर चढत जायचं, शेजाऱ्याची गती न धरता. शिस्तबद्ध वाद्यवृंदातल्या माणसांना हे सांगणं म्हणजे जन्माची सवय मोडायला लावणं होतं.

हे वादन चार वेळा, चार वेगळ्या ट्रॅकांवर घेतलं. मोठा आवाज हवा होता तर एकाच वादनाच्या चार नकला का नाही केल्या? घरी करून पाहा. एक गायलेली ओळ चार ट्रॅकांवर चिकटवा : फक्त जोर वाढेल. आता तीच ओळ चारदा गा : आवाज रुंद होईल, घोळका वाटेल. दर वेळी स्वर आणि क्षण केसभर हलतात, आणि जाडी येते ती त्या फरकातून. लेननला एकच ओळ दोनदा गायचा कंटाळा होता. त्यासाठी ईएमआयचे तंत्रज्ञ केन टाउनसेंड यांनी 1966 मध्ये गाण्याची नक्कल दुसऱ्या यंत्रावरून किंचित मागे आणि वेग हलता ठेवून मिसळायची युक्ती काढली होती. म्हणजे तो फरकच यंत्राकडून करवून घेतला.

अडचण एवढीच की ताफ्याला चार ट्रॅक हवे होते आणि गाण्याच्या फितीवर तेवढे मोकळे नव्हते. म्हणून ताफा दुसऱ्या फितीवर घ्यायचा आणि दोन्ही यंत्रं एकत्र धावायला हवीत, असं ठरलं. त्या दिवशी सकाळी हे काम टाउनसेंड यांच्याकडे आलं. त्यांनी गाण्याच्या यंत्राच्या एका ट्रॅकवर 50 हर्ट्झचा सूर घेतला, तो वाढवून दुसऱ्या यंत्राच्या मोटारीला वीजपुरवठा म्हणून दिला. अशा मोटारीचा वेग विजेच्या वारंवारतेवर ठरतो. पहिली फीत किंचित मंदावली तर तिच्यावरचा सूरही उतरतो आणि दुसरी मोटार तेवढीच मंदावते. युक्ती पहिल्याच खेपेला चालली.

यानं वेग जुळला, सुरुवात नाही. ती हातानंच साधावी लागे. पुढे मिक्सिंगच्या वेळी दोनपैकी एक यंत्र चालू व्हायला सुस्त निघालं, आणि दोन्ही जागेवर पडतील की नाही हे दर खेपेला नशिबावर सोडावं लागलं.

हाच प्रयोग तुमचा संगणक आणि मित्राचा फोन यांत करता येतो. गाणं संगणकावर वाजवा, मित्र हेडफोनवर ते ऐकत फोनवर आपला भाग मुद्रित करील. गाण्याच्या आधी आणि नंतर एकेक टाळी दोन्हीकडे जाईल असं पाहा. पहिली टाळी जुळवलीत की सुरुवात जुळली. मग दुसरी टाळी तपासा. दोन उपकरणांच्या घड्याळांत दहा हजारात एक एवढा फरक असला, तरी पाच मिनिटांनी 30 मिलिसेकंदांचं अंतर पडतं. ते दिसलं तर मित्राचा ट्रॅक दोन-तीन जागी कापून प्रत्येक तुकडा पुन्हा जागेवर सरकवा. तेवढं पुरतं.

शेवटचा स्वरमेळ, आणि आठ ट्रॅक

गाण्याच्या अखेरीस आधी सगळ्यांनी मिळून गुणगुणलेला एक स्वर घेतला होता. तो फिका वाटला म्हणून टाकून दिला. 22 फेब्रुवारीला तीन पियानोंवर चौघांनी, म्हणजे लेनन, मॅककार्टनी, रिंगो आणि मॅल इव्हान्स यांनी, ई मेजरचा एकच स्वरमेळ एकदम हाणला. एकत्र पडेपर्यंत नऊ टेक लागले. त्यावर त्याचेच आणखी थर चढवले आणि मार्टिनच्या हार्मोनियमची भर घातली. स्वर विरत असताना ध्वनिमुद्रक जेफ एमेरिक फेडर हळूहळू वर नेत राहिला. म्हणून तो विरता विरत नाही, आणि अगदी शेवटी खोलीतली खुर्ची करकरल्याचंही ऐकू येतं. घरी हे करणार असाल तर पंखा आधी बंद करा. फेडर वर गेला की पियानोइतकाच पंखाही वर येतो.

पुढच्याच वर्षी चाराचे आठ झाले. 31 जुलै 1968 ला बीटल्स 'हे जूड'साठी लंडनच्याच ट्रायडंट स्टुडिओत गेले, कारण तिथे आठ ट्रॅकचं यंत्र कामाला लागलेलं होतं. ईएमआयमध्ये आठ ट्रॅकवर त्यांचं काम त्याच वर्षी 3 सप्टेंबरला सुरू झालं. आठ ट्रॅक मिळाल्यावर ड्रमला स्वतंत्र जागा मिळाली आणि बाउन्स पुढे ढकलता येऊ लागला. तो बंद मात्र झाला नाही, कारण आठ ट्रॅकसुद्धा लोकांनी लवकरच भरून टाकले.